लेबलवरचे ५ टक्के आणि कापडाचा खरा ताण: ऑनलाइन ग्राहकाला साइज मोठी सांगायची की लहान?



कपडे ऑनलाइन विकायला लागलात की एक मेसेज रोज येणार. "ताई, मी नेहमी एक्सएल घालते. हे स्ट्रेचेबल आहे ना? मग एल घेऊ का?"

आपण घाईत "हो, चालेल" असं टाइप करतो. चाललं तर ठीक. नाही चाललं तर माल परत येतो. समजा, एका लेगिंगवर तुम्हाला ९० रुपये सुटतात आणि जाण्या-येण्याचं कुरिअर १२० रुपये पडतं. म्हणजे एका चुकीच्या "चालेल"ने पुढच्या विक्रीचाही नफा खाल्ला. म्हणून आजच्या धड्यात एकच गोष्ट शिकायची आहे: कापडाची माहिती वाचून आणि ताण मोजून या मेसेजला नेमकं उत्तर कसं द्यायचं.

आधी एक गोंधळ दूर करू

लेबलवर लिहिलेलं असतं, '९५% कॉटन, ५% इलास्टेन'. बरेच जण याचा अर्थ "कापड ५ टक्के ताणतं" असा घेतात. तसं नाही. हे वजनाचं प्रमाण आहे. १०० ग्रॅम कापडात ९५ ग्रॅम कापूस आणि ५ ग्रॅम इलास्टेनचा धागा, एवढंच ते सांगतं. इलास्टेन, स्पॅन्डेक्स आणि लायक्रा ही तीन वेगळी कापडं नाहीत. धागा एकच, लायक्रा हे त्याचं एका ब्रँडचं नाव.

कापड किती ताणणार हे इलास्टेनइतकंच कापड कसं बनलंय यावरही ठरतं. टी-शर्ट किंवा लेगिंगचं होजियरी कापड धाग्याच्या फासांनी बनतं. ओढलं की फास उघडतात, त्यामुळे १०० टक्के कॉटनचा टी-शर्टही ताणतो. जीन्सचं किंवा शर्टाचं कापड मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनी विणलेलं असतं. त्यात उघडायला फासच नसतात, म्हणून जो काही ताण मिळतो तो जवळजवळ सगळा इलास्टेनकडून. म्हणून '२% इलास्टेन' लिहिलेली जीन्स आणि '५% इलास्टेन' लिहिलेली लेगिंग यांची तुलना लेबल वाचून होणारच नाही. आधी बघायचं की कापड होजियरी आहे की मागावरचं. टक्के नंतर.

ताण कसा मोजायचा

सप्लायरकडून सॅम्पलचा एक पीस मागवा. तो टेबलावर सपाट पसरा. मांडीच्या भागात, शिवणीपासून लांब, आडव्या दिशेत १० सेंटीमीटरवर दोन टाचण्या लावा. आडवीच दिशा का? कारण कापड अंगाभोवती आडवंच ताणलं जातं. आणि रेघ सरळ हवी. तिरक्या दिशेत ओढलं तर साधं पॉपलिनही थोडं ताणतं आणि आकडा फसवा येतो.

आता पट्टीवर धरून कापड ओढा. जोर किती? हाताला स्पष्ट अडल्यासारखं वाटेल तिथे थांबायचं. शिवण उसवेपर्यंत नाही. टाचण्यांमधलं अंतर वाचा आणि हे सूत्र लावा:

ताण % = (ताणलेली लांबी − मूळ लांबी) ÷ मूळ लांबी × १००

१० चे १२ सेंमी झाले तर ताण २० टक्के. १० चे १६ झाले तर ६० टक्के.

पण अर्धं काम अजून बाकी आहे. तसंच ताणून एक मिनिट धरा. मग सोडा, आणखी एक मिनिट थांबा आणि पुन्हा मोजा. १० ला परत आलं तर उत्तम. १०.३ च्या पुढे राहिलं तर मी सावध होते. कारण हेच कापड दिवसभर घातल्यावर गुडघ्याला फुगा धरणार आणि सीटजवळ झोल पडणार. कापड किती ताणतं हे दुकानात सगळे ओढून बघतात. परत किती येतं हे फार थोडे बघतात, आणि तक्रारी तिथूनच येतात.

निम्म्याचा नियम

कापड २० टक्के ताणतं म्हणून ते अंगावर २० टक्के ताणून बसवायचं नसतं. माणूस खाली बसला की सीटचं माप एक-दीड इंच वाढतं. जिना चढताना मांडीवर ओढ येते. त्यासाठी ताण शिल्लक हवा. म्हणून मी साधा नियम ठेवलाय: उभं असताना मोजलेल्या ताणाच्या निम्म्यापर्यंतच वापरायचं, उरलेलं निम्मं हालचालीसाठी.

किती वापरला जातोय हे कसं कळणार? त्यासाठी दोन मापं लागतात. एक ग्राहकाच्या अंगावरचं आणि दुसरं कपड्याचं. साइज चार्टमध्ये यातलं कोणतं दिलंय हे लिहिलेलं नसेल, तर चार्टवर विसंबू नका. पीस न ताणता सपाट ठेवा, सीटच्या रेषेत आडवं माप घ्या आणि दुप्पट करा. हे कपड्याचं माप.

आता एक केस पूर्ण सोडवू

ग्राहकाची सीट ४० इंच आहे. तिला स्ट्रेच जीन्स हवी आहे. कापड ९८% कॉटन, २% इलास्टेन. सॅम्पल मोजलं तर ताण २० टक्के, म्हणजे निम्मा १० टक्के.

एका साइजचं सपाट माप १९ इंच आलं, दुप्पट ३८. या जीन्सला ३८ वरून ४० पर्यंत जायचंय. २ भागिले ३८, म्हणजे साधारण ५ टक्के. आपली मर्यादा १० ची. ही साइज बसेल, बसता-उठता येईल.

तीच ग्राहक म्हणते, "एक साइज लहान द्या, नंतर सैल होते." लहान साइजचं माप ३६. आता ४ भागिले ३६, म्हणजे ११ टक्के. मर्यादा ओलांडली. घालता येईल, बटणही लागेल, पण बसली की पट्टा पोटात रुतेल. आणि कापड सतत जास्त ताणलेलं राहिल्यामुळे ती म्हणते तशी ती सैल होईलच, पण नको तिथे: गुडघ्यावर. उत्तर: लहान साइज नको.

हीच जीन्स १०० टक्के कॉटनची असती तर? ताण शून्य धरायचा. तेव्हा कपड्याचं माप अंगापेक्षा मोठं हवं, साधारण दीड इंच लूजिंग धरून ४१.५. म्हणजे ग्राहक एकच, डिझाइन एकच, पण एका कापडात ३८ चा पीस योग्य आणि दुसऱ्यात ४१.५ चा. "मी नेहमी एक्सएल घालते" या वाक्यावर साइज का ठरवता येत नाही, ते इथे दिसतं.

आता लेगिंग. कापड ९५% कॉटन, ५% इलास्टेनचं होजियरी, मोजलेला ताण ६० टक्के, निम्मा ३०. कपड्याचं माप ३४. ३४ वरून ४० ला जायला साधारण १८ टक्के लागतात. आरामात बसते. एक साइज लहान, ३२ घेतली तर २५ टक्के. हेही मर्यादेत आहे. मग द्यायची का?

इथे आणखी एक तपासणी करा. कापड तेवढंच ताणून छापील कागदावर धरा. अक्षरं वाचता आली, तर मांडीवर आणि वाकल्यावर अंग दिसणार. ताणलं की कापड विरळ होतं आणि रंग फिका पडतो, काळ्या लेगिंगचा राखाडी दिसतो. अक्षरं दिसली नाहीत तरच लहान साइज सुचवा.

ताण जिथे कामाला येत नाही

कापड कितीही ताणणारं असलं तरी काही जागा त्याचं ऐकत नाहीत. खांद्याची रुंदी आणि कपड्याची उंची ताणाने भरून निघत नाही. जीन्सच्या पट्ट्याला आत जाड शिवण असते, तो मांडीइतका ताणत नाही. आणि सगळ्यात मोठी फसगत अस्तराची. कुर्तीचं वरचं कापड स्ट्रेच आणि आतलं अस्तर साधं कॉटन असेल, तर त्या कुर्तीचा ताण शून्य समजा. अस्तर जिथे अडेल तिथे कुर्ती अडेल. पुढे भरपूर भरतकाम असेल तरी तेच.

रेयॉन किंवा व्हिस्कोसची मागावरची कुर्ती हाताला मऊ, सुळसुळीत लागते. त्यामुळे ग्राहकाला वाटतं की ती ताणेल. ती ताणत नाही, उलट पहिल्या धुण्यात आटू शकते. छातीचं माप ४० असलेली कुर्ती ४ टक्के आटली तर ३८.४ वर येते. छाती ३८ असलेल्या बाईला ती धुतल्यावर हात वर करताना काचणार. सॅम्पल एकदा धुऊन, वाळवून पुन्हा मोजा. आटत असेल तर एक साइज मोठी सांगा.

प्रॉडक्टच्या माहितीत काय लिहायचं

"स्ट्रेचेबल, कम्फर्टेबल" असं लिहून ग्राहकाला काही कळत नाही. वरच्या जीन्ससाठी असं लिहा:

"मागावरचं डेनिम, ९८% कॉटन, २% इलास्टेन. थोडा ताण. दिलेलं माप कपड्याचं आहे, न ताणता. तुमची सीट कपड्याच्या मापापेक्षा २ ते ३ इंच जास्त असेल तर ही साइज घ्या. त्याहून जास्त असेल तर एक साइज मोठी."

हे २ ते ३ इंच कुठून आले? ३८ चे १० टक्के ३.८ होतात. थोडं हातचं राखून ३ लिहिले. तुमच्या मालाचा आकडा तुमच्या मोजणीतून येईल, माझा उचलू नका. आणि सप्लायरने नवा लॉट पाठवला की लेबल तेच असलं तरी एक पीस पुन्हा मोजा. कापडाची गिरणी बदललेली असू शकते.

गृहपाठ: घरातली एक लेगिंग, एक जीन्स आणि एक कुर्ती घ्या. तिन्हींवर १० सेंमीची चाचणी करा आणि वहीत चार रकाने भरा: लेबल, ताण टक्के, परत आल्यावरचं माप, कपड्याचं माप. तुमचे आकडे कमेंटमध्ये टाका. कुठे अडलं तर तेही लिहा, उत्तर देते.