C₁ आणि C₂ शून्य लिहिण्याआधी

डिप्लोमाच्या पोरांना बरीच वर्षं स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्स शिकवतोय. कॅन्टिलिव्हरचं गणित पेपरात आलं की काही उत्तरपत्रिकांत तेच दिसतं. दोनदा इंटिग्रेशन अगदी चोख केलेलं असतं आणि मग C₁ = 0, C₂ = 0 लिहून मोकळे. का शून्य, असं विचारलं तर उत्तर येतं, "सर, वर्गात तसंच सोडवलं होतं."

वर्गात तसं सोडवलं होतं, कारण तेव्हा x भिंतीपासून मोजला होता. भिंतीत रोवलेलं टोक ना खाली जातं ना वळतं. त्यामुळे x = 0 ला स्लोपही शून्य, डिफ्लेक्शनही शून्य, आणि दोन्ही स्थिरांक आपोआप गळतात. पेपरात मात्र पोरं x मोकळ्या टोकापासून घेतात. तेही बरोबरच आहे, मीही तसाच घेतो, कारण मोमेंट एका पदात मावतो:

EI y″ = −Wx
EI y′ = −Wx²/2 + C₁
EI y = −Wx³/6 + C₁x + C₂

इथे y वरच्या दिशेला धन आहे. आता भिंत x = L ला गेली. तिथे y′ = 0 टाकलं की C₁ = WL²/2 येतो आणि y = 0 टाकलं की C₂ = −WL³/3. म्हणून मोकळ्या टोकाचा स्लोप WL²/2EI आणि डिफ्लेक्शन WL³/3EI, खालच्या दिशेला. दोन्ही स्थिरांक शून्य धरले तर काय होतं ते एकदा करून पाहा. ज्या टोकाला वजन टांगलंय ते जागचं हलत नाही आणि भिंत WL³/6EI इतकी खाली सरकते! उत्तर लिहून झाल्यावर दोन्ही टोकांची किंमत काढायला अर्धं मिनिट पुरतं.

पण हे झालं कागदावरचं. हाच प्रश्न मला एका वर्कशॉपमध्ये खऱ्या लोखंडात भेटला. कॉलमला एंड प्लेट आणि बोल्टने जोडलेला ISMB 200, बाहेर 2 मीटर, टोकाला चेन पुली. 1 टन उचललं की टोक जास्त वाकतं, अशी मालकांची तक्रार होती. त्यांनी ISMB 250 आणायचं जवळजवळ ठरवलंच होतं.

आधी आकडा काढला. ISMB 200 चा I सुमारे 2235 cm⁴, पोलादाचा E 2×10⁵ N/mm², म्हणून EI साधारण 4470 kN·m². (cm⁴ चे mm⁴ करताना 10⁴ ने गुणायचं विसरलं तर उत्तर मीटरमध्ये जातं, तेव्हा ते लगेच कळतं.) W = 10 kN धरला तर टोकाचं डिफ्लेक्शन 80/(3×4470), म्हणजे जवळपास 6 मिमी. डायल गेज मात्र 10 मिमी दाखवत होता. बीमचं स्वतःचं वजन यात नव्हतं, कारण गेज रिकाम्या बीमवर शून्याला लावला होता.

मग दुसरा गेज बरोबर मध्यावर लावला. कॅन्टिलिव्हर नुसता वाकत असेल तर मध्याचं डिफ्लेक्शन टोकाच्या 5/16 असतं, म्हणजे 10 ला साधारण 3.1 मिमी. आला 3.9. बीम न वाकता अख्खा बुडापासून कलला, तर मध्यावर टोकाच्या निम्मं येतं. आमचा आकडा या दोहोंच्या मधला होता, म्हणजे दोन्ही गोष्टी एकदम चालू होत्या. वाटणी केली तर 6 मिमी वाकण्याचे आणि 4 मिमी कलण्याचे. 2 मीटरवर 4 मिमी म्हणजे बुडाशी θ = 0.002 रेडियन, उघड्या डोळ्यांना न दिसणारा कोन.

गणितात याला वेगळं सूत्र लागत नाही. x = L ला y′ = 0 ऐवजी y′ = θ लिहायचं. C₁ मध्ये EIθ ची भर पडते आणि टोकाच्या डिफ्लेक्शनमध्ये थेट θL मिळतो. आणि θL मध्ये I कुठेच नाही. ISMB 250 आणला असता तर वाकणं 6 वरून 2.6 मिमीवर आलं असतं, पण जोड तोच राहिला तर ते 4 मिमी जिथल्या तिथे. कलणं बीमचं नव्हतंच, पातळ एंड प्लेटचं आणि तिच्यामागच्या कॉलमच्या फ्लँजचं होतं.

असा जोड कुठे पाहायला गेलात तर प्लेट आणि कॉलम यांच्यामधल्या फटीत फीलर गेज घालून पाहा. भार चढल्यावर वरच्या बाजूला पाती शिरत असेल तर तुमचं पक्कं टोक पक्कं नाही. इथे ती शिरली. मालकांनी बीम तोच ठेवला, प्लेट जाड केली आणि कॉलमच्या फ्लँजांमध्ये स्टिफनर वेल्ड केले. पुन्हा 1 टन टांगलं तेव्हा टोकाचा गेज 7 मिमीच्याही आत थांबला.