‘प्लग काढणे’ की ‘प्लग काढा’?

इटालियन माहितीपुस्तिकेत सूचना बहुधा आज्ञार्थात नसते. क्रियापद आपल्या ‘करणे’, ‘काढणे’सारख्या णे-रूपात असतं. इस्त्रीच्या पुस्तिकेत शोभेल असं एक वाक्य घेऊ: ‘स्ताक्कारे ला स्पीना प्रीमा दी पुलीरे लाप्पारेक्क्यो.’ शब्दशः, ‘उपकरण पुसण्यापूर्वी प्लग काढणे’. मराठीत हे कामांच्या यादीसारखं वाटतं, आणि ‘काढावा’ म्हटलं तर सल्ल्यासारखं. इथे विजेशी गाठ आहे, म्हणून मी सरळ ‘प्लग काढा’ लिहिते. ‘पुलीरे’ हेही णे-रूपच, पण ते ‘प्रीमा दी’ला, म्हणजे ‘आधी’ला, जोडलेलं आहे. ती सूचना नाही, म्हणून ‘पुसण्यापूर्वी’.

नकारात खरी अडचण येते. ‘नोन इम्मेर्जेरे’ हे णे-रूपही आहे आणि ‘तू बुडवू नकोस’ही. मग ओळखायचं कसं? शेजारची होकारार्थी सूचना बघायची. तिथे ‘स्ताक्कारे’ असेल तर णे-रूप, ‘स्ताक्का’ असेल तर ‘तू’ला केलेली आज्ञा. मराठीत मात्र दोन्हीकडे ‘पाण्यात बुडवू नका’, कारण अनोळखी वाचकाला आपण ‘तुम्ही’ म्हणतो. आणि एकदा ‘काढा’ निवडलं, की मध्येच ‘पुसावे’ नको. वाचक त्याला ऐच्छिक समजेल.