झोळ पडणारा पूल: थ्रीडी प्रिंटिंगमधले अनुभवाचे बोल

अधांतरी धागा सरळ राहतो तो ताणामुळे. नोझल पुढे सरकताना धागा ओढला गेला पाहिजे आणि ताण असतानाच थिजला पाहिजे. वेग, पंखा, फ्लो ही सगळी खटपट एवढ्यासाठीच. खालचे आकडे पीएलए, 0.4 मिमीचं नोझल, 0.2 मिमीचे थर आणि PrusaSlicer यांचे आहेत. काम म्हणजे मीटर बसवायचा एक डबा: आतली पोकळी 60 बाय 90 मिमी, वर सपाट छत आणि आत सपोर्ट नाही.

1. आधी दिशा बघा, मग आकडे. छताचे धागे 60 मिमीच्या बाजूने गेले पाहिजेत, 90 च्या नव्हे. स्लायसर सहसा हे बरोबर ठरवतो, पण छतात खाच किंवा भोक असलं की गडबडतो. प्रिव्ह्यूमध्ये पुलाचा पहिलाच थर उघडून धागे कुठून कुठे जातात ते बघावं. दिशा चुकली असेल तर `Bridging angle` स्वतः द्यावा. तिथे 0 म्हणजे ‘आपोआप’. खरोखर शून्य अंशच हवा असेल तर 180 टाकावं लागतं.

2. फ्लो कमी करा, पण बेताने. `Thick bridges` चालू असेल तर धागा थरात चेपलेला नसतो, जवळपास नोझलएवढा गोल असतो. त्यामुळे त्याला नेहमीच्या रेघेच्या सुमारे दीडपट प्लास्टिक लागतं. त्यातही जास्तीचं आलं की ते जाणार कुठे? धागा लांब होतो आणि मधे लोंबतो. `Bridge flow ratio` 1 वरून 0.95, मग 0.9 असा उतरवावा. 0.85 च्या खाली माझ्याकडे धागे तुटायला लागतात. Cura मधला आकडा इथे आणू नये. तिथे पुलाच्या सेटिंग्ज आधी चालू कराव्या लागतात आणि पुलाच्या थराचा फ्लो मुळातच 60 टक्के असतो. तिथले टक्के नेहमीच्या चपट्या रेघेचे असतात, गोल धाग्याचे नव्हेत.

3. पंखा पुलाच्या आधी फिरायला हवा. पीएलएला पंखा तसाही पूर्ण असतो, त्यामुळे प्रश्न येत नाही. पीईटीजीला आपण तो निम्म्यावर ठेवतो आणि पुलावर 100 मागतो. पंख्याला वेग घ्यायला क्षणभर लागतो. 25 मिमी प्रति सेकंद वेगाने 60 मिमीचा धागा अडीच सेकंदांच्या आतच ओढून होतो. म्हणून पहिले एक-दोन धागेच लोंबलेले आणि पुढचे ताठ असतील तर दोष पंख्याच्या उशिराचा. एबीएसला मात्र पूर्ण पंखा देऊ नये, थर उकलतात.

4. वेग शेवटी हलवा. मी 25 मिमी प्रति सेकंदापासून सुरुवात करतो. फार हळू गेलं की गरम नोझल धाग्याच्या डोक्यावर रेंगाळतं आणि तो मऊच राहतो. फार जोरात गेलं की पलीकडच्या भिंतीला चिकटण्याआधीच तो सुटतो. म्हणून पूल लोंबला की वेग कमी करायचा, हा सरधोपट नियम खरा नाही. फ्लो आणि पंखा जागेवर असूनही झोळ असेल तर वेग थोडा वाढवून बघावा, शिवाय तापमान 5 ते 10 अंश उतरवावं.

5. पुलाची खालची बाजू वाचायला शिका. डबा उलटा करून उजेडात धरावा. सगळे धागे सारखेच, पाळण्यासारखे लोंबलेत: फ्लो जास्त किंवा थंडावा कमी. धागे ताठ, पण मधे फटी किंवा तुटलेली टोकं: फ्लो कमी किंवा वेग जास्त. फक्त भिंतीजवळ सुटलेत: टोकाला पकड नाही. फक्त भोकाभोवतीचं कडं लोंबलंय: तिथे नोझल हवेतच वळलं आहे आणि वळणावर ताण राहत नाही. हे शेवटचं कुठल्याच सेटिंगने सुटत नाही. भोकावर 0.2 मिमीचा एक पातळ सलग पडदा मॉडेलमध्येच काढावा, म्हणजे धागे आरपार जातात. प्रिंट झाल्यावर तो सुरीने कापून टाकता येतो.

6. एका वेळी एकच आकडा बदला. आणि तोही पूर्ण डब्यावर नव्हे. दोन खांब आणि वर तेवढ्याच लांबीची पट्टी असा तुकडा छापावा. 20 मिमीच्या पट्टीवर जमलेला आकडा 60 वर टिकेलच असं नाही.

या डब्याला 0.9 फ्लो, पूर्ण पंखा आणि 30 चा वेग लागू पडला. पहिल्या थराला किंचित झोळ राहिला, पण वरच्या दोन-तीन थरांनी छत बाहेरून सपाट केलं. आतून मीटर बसायला जागा पुरत असेल तर तेवढ्यावर थांबावं. खालची बाजूही गुळगुळीत हवी असेल तर आकड्यांशी झुंजत बसू नका: पोकळीच्या मधोमध एक पातळ भिंत घाला आणि 60 चे दोन 30 करा.