सतरा सप्टेंबरची कोरी चौकट

मागच्या महिन्यात हॉस्टेलला चक्कर टाकली तेव्हा एक ज्युनिअर लॅपटॉप घेऊन आली. म्हणाली, "दादा, पुण्यात एक्झिक्युटिव्ह असिस्टंटची जागा निघालीय. इंजिनिअरिंगचे पण चालतात म्हणे. माझा अर्ज जरा बघा ना." मी स्वतः सहा वर्षं हेच काम करतोय. आपल्याकडे अजूनही कुणी विचारलं की घरचे 'साहेबांचा पीए आहे' असंच सांगतात, आणि तसं सांगितलं तरी माझी काही हरकत नसते.

अर्ज उघडला. पहिल्याच ओळीत लिहिलेलं, 'मी गोपनीयता पाळते व पुढचा विचार करून काम करते.' मी तिला म्हटलं, बाई, हे वाक्य तुझ्या आधी आलेल्या सगळ्या अर्जांत आहे. गोपनीयता पाळते असं सांगून ती सिद्ध होत नाही. त्यासाठी एक प्रसंग लागतो, एकच, पण नीट सांगितलेला. तिला वाटत होतं की आपल्याला अनुभवच नाही. मग बोलता बोलता निघालं की २०२४ मध्ये विभागाच्या व्याख्यानासाठी दिल्लीहून पाहुणे आले होते आणि त्यांच्या येण्याजाण्याचं सगळं हिनंच पाहिलं होतं. तो प्रसंग असा.

पाहुण्यांच्या ऑफिसनं मेलवर तारीख कळवली, मंगळवार, १७ सप्टेंबर. त्यांच्या कॅलेंडरमध्ये ती चौकट कोरी होती. दिल्लीहून बघणाऱ्याला त्यात काहीच वावगं दिसणार नाही. पण आपल्याला माहीत आहे, १७ सप्टेंबर म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १९४८ साली याच तारखेला निजामाचं हैदराबाद संस्थान शरण आलं आणि त्या संस्थानात आपला बीड जिल्हाही होता. त्या दिवशी सकाळी ध्वजवंदन असतं, प्राचार्य आणि स्टाफ त्यात. त्यात २०२४ ला नेमकी त्याच दिवशी अनंत चतुर्दशी आली. म्हणजे संध्याकाळी गेवराई, बीड, केज, अंबाजोगाई, जिथून गाडी जाणार तिथं विसर्जनाच्या मिरवणुका. (पुढच्याच वर्षी, २०२५ च्या १७ सप्टेंबरला, बीडहून अहिल्यानगरकडे रेल्वे सुरू झाली, तेव्हा ही तारीख दिल्लीलाही कळली असावी!)

तिनं तासाभरात उत्तर पाठवलं. त्या उत्तरातच तिच्या अर्जाचा सगळा माल होता, पण तिला ते कळलंच नव्हतं. 'ही तारीख जमणार नाही' एवढंच तिनं लिहिलं नाही. अडचण दोन ओळींत, त्यापुढे दोन पर्यायी तारखा, शुक्रवार २० आणि सोमवार २३, आणि 'परवा संध्याकाळपर्यंत कळवल्यास हॉल पक्का करता येईल' ही शेवटची ओळ. १८ तारीख तिनं मुद्दाम सुचवली नाही. ईदची सुट्टी १६ ला होती, पण मुंबई शहर आणि उपनगरात शासनानं ती १८ वर नेली होती. बाकी जिल्ह्यांत काय होणार याची खात्री नव्हती. छापील कॅलेंडरवर किंवा मोबाईलवर विसंबून चालत नाही ते अशा वेळी. मिरवणूक कुठून निघणार हे फोन करूनच कळतं.

अजून एक बारीक गोष्ट. पाहुण्यांच्या हस्ते नव्या लॅबचं उद्घाटनही करून घ्यायचं असं सरांच्या मनात होतं. पण अनंत चतुर्दशी झाली की पितृपक्ष लागतो, म्हणजे २० आणि २३ दोन्ही तारखा पितृपक्षात. तुम्ही-आम्ही ते मानू किंवा न मानू, पण ऐनवेळी कुणी ज्येष्ठ सर 'आत्ता उद्घाटन नको' म्हणाले असते तर पाहुण्यांसमोर पंचाईत. तिनं मेल पाठवण्याआधीच सरांना विचारलं. सर म्हणाले, "व्याख्यान चालेल की, लॅबचं नंतर बघू." संपलं. पुढचा विचार म्हणतात तो हा. आणि इथं नीट बघा, तिनं स्वतः काहीही ठरवलं नाही. तारीख पाहुण्यांच्या ऑफिसनं ठरवली, उद्घाटनाचं सरांनी ठरवलं. तिनं फक्त प्रश्न योग्य माणसापुढं वेळेत नेला. नवखा माणूस इथंच चुकतो. उत्साहाच्या भरात साहेबांची मीटिंग परस्पर हलवतो आणि वर 'इनिशिएटिव्ह' म्हणून तेच अर्जात लिहितो. वाचणाऱ्याला मात्र त्यात धोका दिसतो.

२० तारीख ठरली. तिनं लगेच २३ चा हॉल सोडून दिला आणि तसं कळवलं. धरून ठेवलेली वेळ मोकळी करायला बहुतेक जण विसरतात.

प्रवासाचं गणित सोपं होतं. विमान छत्रपती संभाजीनगरला. तिथून बीड, मांजरसुंबा, केज करत अंबाजोगाई म्हणजे चहापाण्यासकट पाच तास धरावेत. म्हणून पाहुणे १९ लाच येऊन मुक्काम करणार. परतीचं विमान २० च्या संध्याकाळचं, त्यासाठी साडेबाराला निघणं भाग. विमानतळावर उशिरात उशिरा किती वाजता पोचायचं तिथून उलटं मोजत यायचं, निघण्याची वेळ आपोआप मिळते.

आता दुसरी बाजू. फोनवर बोलताना पाहुण्यांच्या ऑफिसमधल्या बाईंच्या तोंडून त्याच रात्री दिल्लीला पोचणं का गरजेचं आहे ते कारण निघून गेलं. घरगुती होतं. त्या लगेच म्हणाल्याही, "हे तुमच्यापुरतंच ठेवा." कार्यक्रमपत्रिकेत भोजन दोन वाजता होतं. हिनं सत्कार आधी घेतला, व्याख्यान दहा ते साडेअकरा, प्रश्न बारापर्यंत, मग जेवण आणि '१२.३० प्रस्थान'. कागदावर एवढंच. एक सर म्हणाले, "एवढी काय घाई आहे पाहुण्यांना?" ही म्हणाली, "सर, त्यांच्या ऑफिसनं हीच वेळ कळवलीय, आपण तेवढी पाळूया." खोटं बोलली नाही, कारणही सांगितलं नाही. 'त्यांची दुसरी मीटिंग आहे' असं ठोकून देणं सोपं होतं, पण मग जेवताना सरांनी पाहुण्यांनाच विचारलं असतं, कुठली मीटिंग हो?

हे सगळं ऐकून मी म्हटलं, आता लिही. तिनं लिहिलं आणि तिथं खरी गंमत झाली. तिच्या दुसऱ्या मसुद्यात पाहुण्यांचं नाव, हुद्दा आणि ते घरगुती कारणही होतं, आणि खाली वाक्य, 'ही माहिती मी कुणालाही सांगितली नाही.' अगं, आत्ता सांगितलीस की! अर्ज वाचणारा पुण्यातला अनोळखी माणूस असतो. त्याच्यासाठी अर्ज हीच तुझी पहिली परीक्षा. जुन्या साहेबांचं आज मला सांगते म्हणजे उद्या माझंही दुसऱ्याला सांगेल, हा हिशोब तो मनात करतोच.

तिनं नाव खोडलं. म्हणाली, आता झालं. झालं नव्हतं. १७ सप्टेंबर, अंबाजोगाई, दिल्लीचे पाहुणे, एवढं लिहिलं की त्या दिवशी हॉलमध्ये बसलेला कुणीही सांगेल कोण ते. नाव काढलं तरी माणूस तसाच राहतो. दोन्हीतलं एक सोडावं लागतं. तारीख आणि गाव काढलं तर पुढच्या विचाराचा पुरावाच जातो, 'एकदा सुट्टीचा दिवस होता' असं मुळमुळीत वाक्य उरतं. म्हणून तारीख, गाव ठेवायचं आणि कारण मुळासकट काढायचं. 'खाजगी कारणाने', 'वैद्यकीय कारणाने' असले शब्दही नकोत. तेवढ्यानंही लोक अंदाज बांधतात.

शेवटी अर्जात गेलेला मजकूर असा. (अर्ज इंग्रजीत गेला, इथं मराठीत देतो.)

'महाविद्यालयातील व्याख्यानासाठी पाहुण्यांच्या कार्यालयाने १७ सप्टेंबर २०२४ ही तारीख सुचवली. त्या दिवशी मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजवंदन आणि संध्याकाळी मार्गावरील गावांत विसर्जन असल्याचे मी त्याच दिवशी कळवले व विभागप्रमुखांशी बोलून दोन पर्याय दिले. ठरलेल्या तारखेनंतर राखून ठेवलेला दुसरा दिवस मोकळा केला. पाहुण्यांना निघण्याची वेळ बदलता येणार नव्हती, म्हणून कार्यक्रमाचा क्रम बदलून घेतला. गाडी १२.३० ला निघाली. प्रवासाचा तपशील ज्याला जेवढा लागणार होता तेवढाच दिला.'

शेवटच्या ओळीवर मुलाखतीत प्रश्न येणार हे मी तिला सांगून ठेवलं. त्याचं उत्तर तिच्याकडे होतं. ड्रायव्हरला तिनं विमान उतरण्याची वेळ आणि एक फोन नंबर दिला. मेसवाल्या काकांना फक्त जेवणाची वेळ आणि तिखट कमी. समितीच्या कॅलेंडरमध्ये नोंद 'पाहुणे प्रवासात' एवढीच, आणि Google Calendar मधलं See guest list बंद, म्हणजे कुणाकुणाला आमंत्रण गेलंय ते इतरांना दिसत नाही. तिकीट कुणालाच पाठवलं नाही.

या तिकिटाबद्दल माझीच चूक सांगतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी साहेबांचं विमानाचं तिकीट जसंच्या तसं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, गाडीवाल्याला वेळ कळावी म्हणून. ग्रुपमध्ये चाळीस जण. विमानाच्या तिकिटावरचा PNR आणि आडनाव एवढ्यावर बहुतेक विमान कंपन्यांच्या साईटवर बुकिंग उघडतं. सीट बदलता येते, कधी कधी तिकीट रद्दही करता येतं. नुकसान काही झालं नाही, पण साहेबांनी दिवसभर माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. तेव्हापासून मी वेळ आणि फ्लाइट नंबर हाताने टाईप करून पाठवतो.

आपला मजकूर गळतोय का हे ओळखायला हॉस्टेलमध्ये एक सोय आहे. त्या कार्यक्रमाला हजर असलेल्या मैत्रिणीला परिच्छेद वाचायला द्या आणि विचारा, पाहुणे लवकर का गेले असतील? ती 'काय माहीत, विमान असेल' म्हणाली तर ठीक. डोळे बारीक करून अंदाज लावायला लागली तर परत लिहा. आमच्या ज्युनिअरनं रूम पार्टनरवर हा प्रयोग केला. पहिल्यांदा ती बरोबर ओळखली. 'अपरिहार्य कारणास्तव' हा एक शब्दप्रयोग राहून गेला होता.

मुलाखतीत त्यांनी विचारलंच, पाहुणे कोण होते आणि घाई कसली? ती म्हणाली, "सर, नाव व्याख्यानाच्या पोस्टरवर होतं, ते सांगते. बाकीचं सांगण्याचा अधिकार मला नाही." नाव सांगितलं, कारण ते जाहीरच होतं. जाहीर गोष्टसुद्धा झाकून ठेवली असती तर नाटक वाटलं असतं. संदर्भ म्हणून विभागप्रमुखांचा नंबर मागितला, तेव्हा तिनं आधी सरांना फोन करून विचारते म्हटलं आणि संध्याकाळी पाठवला.

निकाल अजून यायचाय. परवा फोनवर तिनं विचारलं, "दादा, रुजू व्हायची तारीख मी सुचवायची का त्यांनी?" मी म्हटलं, त्यांनी. पण त्यांचं कॅलेंडर बघून तू दोन तारखा तयार ठेव.