परदेशातून आलेला खोकला आणि डबीतला बेडका

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर टीबीची तपासणी करा, हे तुम्ही दवाखान्याच्या भिंतीवर वाचलेलं असतं. प्रत्यक्षात तपासणी करूनही निदान हातून निसटतं, आणि ते कुठे निसटतं हे भिंतीवर लिहिलेलं नसतं. म्हणून आज एका रुग्णाची हकिगत सांगतो. त्याची ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत, आजाराचा प्रवास मात्र नेहमीचाच आहे.

पानशेतच्या पाण्यापलीकडच्या एका वाडीतला हा चौतिशीचा माणूस मस्कतला बांधकामावर सळई बांधायचं काम करायचा. राहायला कंपनीचा कॅम्प. एका खोलीत आठ जण, दोन मजली लोखंडी खाटा, एसी चालावा म्हणून खिडक्या कायम बंद. टीबीचा जंतू खोकल्यातून हवेत उडतो आणि बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतो, त्यामुळे अशा ठिकाणी एकाचा आजार दुसऱ्याला लागायला वेळ लागत नाही. याला खोकला सुरू झाला तेव्हा त्यानं तिथे कुणाला सांगितलं नाही. आखाती देशांत नोकरीला जाताना छातीचा एक्सरे काढावाच लागतो, त्यात डाग दिसला तर नोकरी जाते, हे प्रत्येक कामगाराला पाठ असतं. मेडिकलमधून खोकल्याचं औषध घेत त्यानं करार पूर्ण केला आणि गावी आला. तोवर खोकल्याला तीन महिने झाले होते.

गावी आल्यावर सगळ्यांनी हवाबदल आणि धूळ यांच्यावर खापर फोडलं. एका खासगी दवाखान्यात त्याला लिवोफ्लॉक्सासिनचा कोर्स मिळाला. आठवड्यात खोकला कमी झाला, ताप उतरला, भूक लागली आणि घरचे निर्धास्त झाले. या गोळीवर मला थोडं थांबायचं आहे. लिवोफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूवरही काम करतं. एकट्यानं दिलं तर आजार बरा होत नाही, नुसता दबतो, आणि त्या दिवसांत बेडका तपासला तर जंतू सापडण्याची शक्यता कमी होते. शिवाय उरलेले जंतू त्या औषधाला सरावू शकतात, आणि पुढे बिघडलेल्या टीबीत हेच औषध लागतं. खोकला लांबला असेल तर तपासणीआधी ही गोळी घेऊ नका. घेतली असेल तर तपासणाऱ्याला नावासकट सांगा, रिकामी पट्टी दाखवलीत तरी चालेल.

महिन्याभरात खोकला परत आला, संध्याकाळची कणकण सुरू झाली आणि पँट कमरेत ढिली झाली. आशाताईंच्या सांगण्यावरून त्यानं सरकारी दवाखान्यात डबी भरून दिली. सूक्ष्मदर्शकाखाली काही सापडलं नाही. "टीबी नाही" असं समजून तो घरी गेला.

मी त्याला नंतर विचारलं, डबीत काय दिलं होतंस? तो म्हणाला, "डॉक्टर, दुपारची वेळ होती, लाइनीत लोक होते. थुंकलो आणि दिली."

ती लाळ होती. टीबीचा जंतू फुप्फुसात असतो, तोंडात नाही. त्यातून सूक्ष्मदर्शकाला जंतू दिसायला एका मिलिलीटरमध्ये साधारण 5 ते 10 हजार जंतू असावे लागतात. म्हणजे पातळ, फेसाळ लाळेचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर त्यातून काहीच कळत नाही.

बेडका कसा काढायचा ते आम्ही त्याला उभं राहून दाखवलं. सकाळी उठल्या उठल्या, काही खाण्याआधी साध्या पाण्यानं चूळ भरायची. घराबाहेर उघड्यावर, माणसांपासून लांब जायचं. दोन-तीनदा खोल श्वास घेऊन क्षणभर रोखायचा आणि मग पोटातून जोर लावून खोकायचं. जो घट्ट, पिवळसर, चिकट बेडका येईल तो डबीत. चहाचा अर्धा चमचा भरेल इतका, म्हणजे दोन मिलिलीटर तरी हवा. झाकण घट्ट लावायचं आणि डबी त्याच सकाळी पोचवायची. वेल्ह्याच्या आणि भोरच्या डोंगरातल्या वाड्यांना हे पावसाळ्यात जड जातं, कारण एसटी चुकली की दिवस गेला. उन्हात किंवा चुलीशेजारी ठेवलेला नमुना खराब होतो. सकाळी पोचणं शक्य नसेल तर आशाताईंना आदल्या दिवशीच सांगून ठेवा, नमुना थंड पेटीतून नेता येतो.

यावेळी नमुना ट्रूनॅटवर लावला. गोव्यातल्या कंपनीनं बनवलेलं हे छोटं यंत्र बॅटरीवरही चालतं आणि जंतूचा डीएनए शोधतं. मिलिलीटरमागे शे-दोनशे जंतू असले तरी ते पकडू शकतं. तासाभरात जंतू असल्याचं कळलं. मग त्याच नमुन्यावर पुढची चिप लावून रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल का ते पाहिलं. पडणार होतं. आयसोनियाझिड या दुसऱ्या औषधासाठी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत गेला. सोबत साखर आणि एचआयव्हीची तपासणी झाली, ती प्रत्येक टीबी रुग्णाची होते.

एक्सरेत उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी दिसत होती. तो म्हणाला, मग एक्सरेच आधी का नाही काढला? काढायला हवा होता. एक्सरे संशय पक्का करतो आणि डबी निगेटिव्ह आली तरी आम्हाला सोडू देत नाही. पण डाग जुना की नवा, टीबीचा की दुसऱ्या कशाचा, औषध कुठलं लागू पडेल, हे त्यावरून ठरत नाही. हातावर टोचून गाठ बघण्याच्या चाचणीवरूनही मोठ्या माणसाला टीबीचा आजार आहे की नाही हे ठरत नाही. शरीरात कधीतरी जंतू शिरला एवढंच ती सांगते.

वजन 47 किलो भरलं, म्हणून रोज तीन गोळ्या. एकेका गोळीत चार औषधं, दोन महिने. पुढे चार महिने तीन औषधांची गोळी. लघवी केशरी होते, ती रिफाम्पिसिनमुळे, घाबरू नका. डोळे पिवळे झाले, सतत उलटी होऊ लागली किंवा दिसायला अंधुक वाटलं तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी या. औषधं सरकारकडून मोफत मिळतात. निक्षय नोंदणी झाली की पोषणासाठी महिना 1000 रुपये बँक खात्यात जमा होतात. त्याचं खातं परदेशात असताना बंद पडलं होतं, ते आधी चालू करावं लागलं.

घरात आई, बायको आणि तीन वर्षांची मुलगी. तिघींची तपासणी केली. मुलीला आजार नव्हता, तरीही तिला वजनाप्रमाणे प्रतिबंधक औषध सुरू केलं, कारण पाच वर्षांखालच्या मुलांत आजार झपाट्यानं वाढतो आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतो. आई आणि बायकोलाही आजार नसल्याची खात्री करून प्रतिबंधक औषध दिलं.

दोन महिन्यांनी बेडका सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा तपासला, निगेटिव्ह आला. इथे ट्रूनॅट वापरत नाहीत, कारण मेलेल्या जंतूंचा डीएनएही ते पॉझिटिव्ह दाखवू शकतं. पूर्वी टीबीचं औषध घेतलं असेल तर तेही याच कारणासाठी न लपवता सांगायचं असतं.

त्याचा शेवटचा प्रश्न होता, परत जाता येईल का? उपचार पूर्ण झाल्यावर काम करता येईल, ओझंही उचलता येईल. पण एक्सरेवरचा व्रण बऱ्याचदा राहतो, आणि आखाती देशांच्या तपासणीत जुन्या व्रणावरूनही अपात्र ठरवलं जाऊ शकतं. म्हणून एजंटाला पैसे देण्याआधी एक्सरे काढून घे, असं त्याला सांगितलं. उपचाराआधीचा आणि नंतरचा असे दोन्ही एक्सरे आणि उपचार पूर्ण झाल्याचा दाखला जपून ठेवायला सांगितला. शिवाय दोन वर्षं दर सहा महिन्यांनी दाखवून जायचं ठरलं आहे.