रस्त्याकडेची खिडकी: कोणती काच?

प्रश्न : बोईसर-तारापूर रस्त्यालगतच्या आमच्या बेडरूममध्ये रात्रभर ट्रकचा आवाज येतो. टफन्ड, लॅमिनेटेड की डबल ग्लेझ्ड काच लावावी?

उत्तर : टफन्ड काच मजबूत खरी, पण आवाज अडतो तो वजनाने, आणि टफन्ड केल्याने काचेचे वजन वाढत नाही. लॅमिनेटेडमधला मऊ प्लॅस्टिकचा पडदा मात्र काचेचे थरथरणे जिरवतो; त्यामुळे तेवढ्याच जाडीत दोन-तीन डेसिबल जास्त अडतात. ‘दोन काचा म्हणजे दुप्पट शांतता’ हा दुकानातला युक्तिवाद फसवा आहे. ५ मिमीच्या दोन काचांत १२ मिमी पोकळी असली, की मधली हवा स्प्रिंगसारखी वागते आणि साधारण २२० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे ट्रकच्या घरघरीच्याच पट्ट्यात, आवाज उलट सहज आत येतो. एसीची गार हवा टिकवायला डबल ग्लेझ्ड काच उत्तम. आवाजासाठी घ्यायचीच तर एक काच जाड लॅमिनेटेड हवी.

त्याआधी उदबत्ती पेटवून बंद खिडकीच्या कडेने फिरवा. स्लायडिंगच्या ब्रशपट्टीजवळ धूर हलला, तर तिथून आवाजही येतोच, आणि मग महागडी काचही वाया. म्हणून रबर गॅस्केटची, दाबून बंद होणारी केसमेंट खिडकी आणि तिच्यात लॅमिनेटेड काच, असा माझा कौल.