थेंब अडला तर आधी दळण तपासा

व्हिएतनामहून येणारे बरेच जण हल्ली फिन घेऊन येतात. फिन म्हणजे ग्लासावर बसणारा धातूचा छोटा कॉफी फिल्टर. तळाला भोकांची बशी, तिच्यावर कॉफीचं छोटं भांडं, भांड्याच्या आत भोकांचीच एक चकती आणि वर झाकण, एवढाच त्याचा संसार. ग्लासात आधी कन्डेन्स्ड मिल्क घालायचं, वर फिन ठेवायचा आणि काळीभोर कॉफी थेंबाथेंबाने त्यात उतरू द्यायची. सोबत आणलेली तिथली पूड असेपर्यंत सगळं छान चालतं. ती संपली की अडचण सुरू होते. माझंही तसंच झालं.

पूड संपल्यावर मी जवळच्या दुकानातून फिल्टर कॉफीची पूड आणली. आपल्याकडे ती दाक्षिणात्य फिल्टरसाठी दळलेली असते. बारीक असते आणि बहुतेक वेळा तिच्यात चिकोरी असते. पाणी ओतलं, दोन-चार थेंब पडले आणि धार बंद झाली. झाकण काढून पाहिलं तर पाणी वर जसंच्या तसं उभं. पूड खाली नीट बसली नसेल असं वाटून चकती चमच्याने दाबली, तर उरलेले थेंबही थांबले. शेवटी जे उतरलं ते कोमट आणि कडवट होतं. त्या एका कपात फिनचे तिन्ही धडे होते: दळण, दाब आणि धीर. हे तीन वेगळे नाहीत. पाण्याला पुडीतून वाट किती मोकळी मिळते, एवढाच खरा प्रश्न आहे.

आधी दळण. दाक्षिणात्य फिल्टरमध्ये दाट अर्क हवा असतो आणि तो उतरायला अर्धा तास लागला तरी चालतो, कारण पुढे त्यात उकळतं दूध पडणार असतं. फिनमधली कॉफी मात्र लगेच, गरम असतानाच प्यायची असते. ती पाच मिनिटांच्या आसपास उतरायला हवी. त्यासाठी पूड उपम्याच्या रव्याइतकी जाड हवी. चिमटीत धरून चोळली की कण बोटांना वेगवेगळे लागले पाहिजेत. बोटाला पिठासारखी चिकटली तर ती फिनच्या कामाची नाही. चिकोरी पाणी धरून ठेवते आणि वाट आणखी अडवते, म्हणून पूड बिनचिकोरीची मागा.

दळून देणारा भेटला तर उत्तम. घरच्या मिक्सरमध्ये दळणार असाल तर बटण सलग दाबून ठेवू नका. दोन-दोन सेकंद फिरवायचं, भांडं हलवायचं, पुन्हा फिरवायचं. तरीही पात्याखाली काही दाण्यांचं पीठ होतं आणि काही अर्धवट राहतात. दळण पिठाच्या चाळणीतून हलकेच चाळा. खाली पडेल ती धूळ बाजूला ठेवा आणि वर उरेल ती पूड फिनमध्ये घाला. चाळणीतून पडणारी ही धूळच भोकं बुजवते.

बिया शक्यतो गडद भाजलेल्या रोबस्टाच्या घ्या. व्हिएतनामची बहुतेक कॉफी रोबस्टाच आहे आणि ती मुख्यतः बुओन मा थुओतच्या आसपासच्या मध्य पठारावर पिकते. आपल्याकडे कोडगू आणि वायनाडमध्येही रोबस्टा चांगली होते. हलकी भाजलेली अरेबिका स्वतःच्या जागी सुरेख असते, पण कन्डेन्स्ड मिल्कच्या गोडव्याखाली तिची चव हरवते. मात्र रोबस्टामध्ये कॅफीन अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट असतं, तेव्हा रात्री जपून.

आता दाब. हनोईत फुटपाथवरच्या एका बाईंना मी कॉफी करताना पाहिलं. भांड्यात पूड घालून त्यांनी ते बाजूने दोनदा टिचकावलं, पूड सपाट झाली. मग चकती दोन बोटांनी वर ठेवली, जराशी फिरवली आणि हात काढून घेतला. दाबलं नाही. चकतीचं काम एवढंच की पाणी पडल्यावर पूड वर तरंगू नये आणि पाणी सगळीकडे सारखं पसरावं. ताजी भाजलेली पूड भिजली की तिच्यातला वायू बाहेर पडतो आणि ती फुगते. तिला फुगायला जागा ठेवली नाही तर आतल्या आत घट्ट होऊन पाण्याची वाट बंद होते. काही फिनमध्ये चकती स्क्रूने बसते. तिथे ती पुडीला टेकेपर्यंत फिरवायची आणि मग अर्धा फेरा उलटा द्यायचा.

आता एक कप पूर्ण करू. माझा फिन साधारण सव्वाशे मिलिलिटर पाण्याचा आहे. ग्लासात दोन मोठे चमचे, म्हणजे सुमारे 35 ग्रॅम, कन्डेन्स्ड मिल्क. फिनमध्ये 20 ग्रॅम पूड. उकळी आलेलं पाणी अर्धं मिनिट तसंच ठेवून त्यातलं 25 मिलिलिटर चकतीवर गोल फिरवत ओता आणि झाकण ठेवा. पुढची 40 सेकंदं काही करू नका, पूड भिजून फुगू द्या. मग आणखी 90 मिलिलिटर पाणी घालून झाकण लावा. पूड आपल्या वजनाच्या साधारण दुप्पट पाणी धरून ठेवते, म्हणून ओतलेल्या 115 मिलिलिटरपैकी ग्लासात सुमारे 75 उतरतं. कमी दिसलं म्हणून वरून पाणी वाढवू नका. नंतर येणारं पाणी फक्त कडवटपणा आणतं.

धीर इथेच लागतो, आणि तो नजर ठेवून धरायचा असतो. थेंब वेगवेगळे पडताना दिसले पाहिजेत. सलग धार लागली आणि दोन मिनिटांत सगळं उतरलं तर कॉफी पातळ आणि आंबटसर होते, दूधच पुढे येतं. पुढच्या वेळी दळण थोडं बारीक करा. आठ मिनिटं झाली आणि पाणी अजून वरच असेल तर दळण जाड करा. स्क्रूची चकती असेल तर त्याच कपात अर्धा फेरा सैल करून पाहता येतं, फक्त फडक्याने धरा, धातू चांगलाच तापलेला असतो. एका वेळी एकच गोष्ट बदला. दळण, पुडीचं माप आणि चकती एकदम बदलली तर कशाने काय झालं ते कळत नाही.

दळण बरोबर असूनही फिन अडत असेल तर तो उजेडाकडे धरून पाहा. बुजलेली भोकं लगेच दिसतात. स्टीलचा असेल तर खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून ब्रशने घासा. ॲल्युमिनियमचा असेल तर सोडा नको, तो काळा पडतो. त्याला साबण आणि गरम पाणी पुरे.

कॉफी उतरली की झाकण उलटं ठेवून त्यावर फिन ठेवा, म्हणजे उरलेले थेंब ओट्यावर सांडत नाहीत. दूध जड असल्याने तळाशीच बसलेलं असतं, ते चमच्याने तळापासून वर आणत ढवळा. बर्फ घालायचा असेल तर तो ढवळून झाल्यावरच. आधी घातला तर गार झालेलं दूध तळाशी घट्ट चिकटतं, पहिले घोट नुसते कडू लागतात आणि शेवटचा नुसता गोड.